पदोन्नती समितीच्या सदस्यांना खुले पत्र: नाव यादीत येण्याआधीच गळते

पदोन्नती समितीच्या सर्व सदस्यांस,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर उरकला, अप्रेझलचे फॉर्म भरून झाले, आता पुणे, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजपर्यंत सगळीकडे तुमच्या बैठका सुरू होतील. काही कंपन्यांत या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात, काहींत नुसतं ‘प्रमोशन कमिटी’. मी अनेक वर्षं एचआरमध्ये होते आणि या बैठकांत मिनिट्स लिहिण्याचं काम माझ्याकडे असायचं. मत द्यायचा अधिकार नव्हता, पण कोण काय बोलतं ते शब्दशः उतरवावं लागे. त्यामुळे मत देणाऱ्यांपेक्षा बोललेले शब्द मलाच जास्त लक्षात राहिले.

तुम्ही मुद्दाम कुणावर अन्याय करता, असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. ‘बाई आहे म्हणून नको’ असं या बैठकीत कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. ‘वय झालंय’ असंही कुणी सरळ म्हणत नाही. आणि तरीही दरवर्षी यादी लागली की त्याच प्रकारची माणसं वर गेलेली असतात आणि त्याच प्रकारची खाली राहिलेली असतात. हे कुठे घडतं ते शोधायचं, तर तुमच्या खोलीच्या दाराबाहेरून सुरुवात करावी लागते.

एक हिशोब मांडते. आकडे कल्पित आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. समजा, एका प्लांटमध्ये एका वर्षात पदोन्नतीला पात्र झालेले पुरुष ६० आणि स्त्रिया २०. पुरुषांपैकी १८ जणांना बढती मिळाली, स्त्रियांपैकी ३ जणींना. म्हणजे शंभरी ३० आणि शंभरी १५, बरोबर निम्मं. हे समितीपुढे ठेवलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्यापुढे जी नावं आली त्यांतून आम्ही निवडलं, आम्ही काही भेद केला नाही.’ बहुतेक वेळा ते उत्तर खरंही असतं. कारण मधली पायरी पाहा. साहेब लोकांनी म्हणजे विभागप्रमुखांनी ज्यांची शिफारस केली, असे पुरुष होते ३६ आणि स्त्रिया ६. समितीने ३६ पैकी १८ घेतले आणि ६ पैकी ३ घेतल्या. दोन्हीकडे निम्मे. समितीची पाटी कोरी. पण शिफारशीच्या पायरीवर पुरुषांपैकी शंभरातले ६० पुढे आले होते आणि स्त्रियांपैकी फक्त ३०. जे गळायचं ते तिथेच गळलं. तुमच्या बैठकीचा कागद कितीही बारकाईने तपासला तरी त्यात ते दिसणार नाही, कारण ज्यांची नावंच आली नाहीत त्यांच्याबद्दल त्या कागदावर एक ओळही नसते.

इथे एक सावधगिरी. २० स्त्रियांपैकी ३ जणी हा आकडा लहान आहे. प्रत्येकीला शंभरात ३० एवढी संधी खरोखर मिळाली असती, तरी नुसत्या योगायोगाने तीन किंवा त्याहून कमी जणी निवडल्या जाणं साधारण दहातून एकदा घडू शकतं. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून ‘बघा, भेदभाव!’ असं ओरडू नये आणि एका वर्षाच्या चांगल्या आकड्यावरून पाठही थोपटून घेऊ नये. दहा-बारा माणसांच्या विभागात तर ही मोजणी चालतच नाही. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून, पात्र, शिफारस, निवड अशा पायऱ्यांनी लावले की कुठल्या पायरीवर बघायचं एवढं कळतं. तिथे काय झालं हे मात्र आकडे सांगत नाहीत. ते कागद वाचूनच कळतं.

आता एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता पाहणारा विभाग, डेप्युटी मॅनेजरची एक जागा. तीन जण पात्र होते. एक बाई, वय ३६, बी.ई. झालेल्या. एक गृहस्थ, वय ५१, परभणीकडचे, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून डीईटी म्हणजे डिप्लोमा इंजिनीअर ट्रेनी म्हणून लागलेले आणि खालून वर आलेले. तिसरा तरुण, वय ३४, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजातून जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी म्हणून आलेला. निवड तिसऱ्याची झाली. तो काही वाईट उमेदवार नव्हता, हे आधीच सांगते. एका जागेसाठी तीन जण असले की दोघे राहणारच. राहणं हा अन्याय नसतो. कशामुळे राहिले हे पाहायचं असतं.

बाईंचं नाव समितीपुढे आलंच नाही. कंपनीचा नियम असा की आधीच्या तीन वर्षांच्या रेटिंगची सरासरी किमान ३.७५ असावी. नियम सगळ्यांना सारखा. बाईंचं रेटिंग होतं ४, ३, ४. सरासरी ३.६७. मधल्या वर्षी त्या २६ आठवडे बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्या वर्षाचा फॉर्म काढून पाहिला, तर त्यात ३ च्या पुढे कारण लिहिलं होतं: ‘वर्षातील बराच काळ अनुपस्थित, म्हणून सरासरी.’ म्हणजे ज्या सहा महिन्यांत त्यांनी काम केलं त्याचं मूल्यमापन झालंच नव्हतं. रजेचेच गुण लागले होते. ते वर्ष बाजूला ठेवलं तर सरासरी सरळ ४. कुणी दुष्टपणा केला नव्हता. साहेबांना वाटलं, रजेवरच्या माणसाला ४ देणं इतरांवर अन्याय होईल, म्हणून मधला आकडा टाकला. पण त्या मधल्या आकड्याने दोन वर्षांनी त्यांचं दार बंद केलं, आणि ते बंद झालंय हे ना त्यांना कळलं, ना समितीला.

प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. त्याच्या १२ व्या कलमात रजेच्या काळात स्त्रीच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत असं म्हटलं होतं, आणि तो कायदा आता ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला तिनेही तोच धागा पुढे नेला आहे. आपोआप पडलेला ३ त्या शब्दांत बसतो की नाही, यावर वकील हवा तेवढा वाद घालतील. तुम्हाला त्या वादात पडायची गरज नाही. नियमात एक ओळ घाला: ज्या वर्षी माणूस ठरावीक काळापेक्षा जास्त मंजूर रजेवर होता, त्या वर्षी जेवढं काम केलं तेवढ्याचंच मूल्यमापन व्हावं, नाहीतर ते वर्ष सरासरीतून वगळावं. मग ती रजा बाळंतपणाची असो, अपघाताची असो की डायलिसिसची.

असा ‘सगळ्यांना सारखा’ नियम कुणा एका गटालाच कसा लागतो, याचं आपल्याकडचं सर्वांत स्पष्ट उदाहरण लष्करातलं आहे. लेफ्टनंट कर्नल नितिशा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. त्याआधी २०२० मध्ये न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, विचारात घ्या असं सांगितलं होतं. लष्कराने विचारात घेतलं, पण कसोट्या अशा लावल्या की पुरुषांना ज्या तरुण वयात वैद्यकीय निकष लागले होते, तेच या बायकांना कितीतरी मोठ्या वयात लागले. त्यांचे गोपनीय अहवाल पाहिले गेले ते सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षापर्यंतचेच. नंतरची कामगिरी, पदकं, सगळं बाजूला. आणि ते जुने अहवाल लिहिले गेले त्या काळात बाईला पुढे जायची वाटच नव्हती, त्यामुळे लिहिणाऱ्यांनीही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. हेतू वाईट होता की नाही हा प्रश्न न्यायालयाने मुख्य मानला नाही. नियमाचा परिणाम कुणावर आणि कसा पडतो, हे पाहिलं. ज्या अहवालांच्या बेरजेवर तुम्ही विसंबता ते कुठल्या समजुतीने लिहिले गेले, हा प्रश्न तुमच्याही टेबलावर यायला हवा.

५१ वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण वेगळं. त्यांचं नाव समितीपुढे आलं, त्यावर चर्चा झाली आणि ते मागे पडले. रेटिंग ४, ४, ४. मागे पडले ते दुसऱ्या रकान्यात, ‘पोटेन्शियल’मध्ये. बऱ्याच कंपन्यांत नऊ चौकटींचा तक्ता असतो: एका बाजूला झालेली कामगिरी, दुसऱ्या बाजूला पुढची क्षमता. कामगिरीच्या रकान्यामागे काहीतरी पुरावा असतो, निदान तक्रारी किती मिटवल्या, माल किती परत गेला, असे आकडे असतात. क्षमतेच्या रकान्यामागे काय असतं? साहेबांना काय वाटतं ते. मला विचाराल तर सूक्ष्म भेदभावाचं बिऱ्हाड या रकान्यातच आहे, आणि भाडंही भरावं लागत नाही.

याचा एक चांगला अभ्यास झालेला आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या नोंदी तपासल्या. तिथे बायकांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा सरासरीने चांगले मिळत होते आणि क्षमतेचे गुण कमी. बढती मिळण्याची शक्यता पुरुषांपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी होती, आणि त्या फरकाचा मोठा भाग क्षमतेच्या गुणांतून येत होता. पुढे काय झालं तेही त्यांनी पाहिलं: क्षमतेचे सारखेच गुण मिळालेल्या पुरुष आणि स्त्रियांत नंतरची कामगिरी स्त्रियांची चांगली निघाली. म्हणजे अंदाज चुकला होता, आणि तो एकाच दिशेने चुकत होता.

आमच्या गृहस्थांच्या क्षमतेच्या रकान्यात तीन शेरे होते. ‘अनुभवी, विश्वासू.’ ‘नव्या सिस्टिमशी जुळवून घेणे अवघड जाईल.’ ‘कस्टमरसमोर कम्युनिकेशन कमी पडते.’ तरुणाच्या रकान्यात: ‘हंग्री. लीडरशिप मटेरियल. लांबचा पल्ला.’ आणि बाईंच्या फॉर्मवर, शिफारस झाली नव्हती तरी, एक ओळ होती: ‘कामात चोख, सर्वांना सांभाळून घेतात, प्लांट व्हिजिटसाठी वेळ देऊ शकतील का, पाहावे लागेल.’

हे शेरे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकेकटा वाचला तर प्रत्येक शेरा समजूतदार वाटतो. शेजारी ठेवले की दिसतं, तरुणाला तरुण असल्याचे गुण पडलेत, म्हाताऱ्याला विश्वासूपणाचे आणि बाईला सांभाळून घेण्याचे. विश्वासू आणि सांभाळून घेणारी माणसं आपल्याला आहेत तिथेच हवी असतात, ही खरी गोम.

मग काय करायचं? त्या वर्षी समितीत एक नवे प्लांट हेड आले होते. त्यांनी जे केलं ते मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. त्यांनी कुणावर आरोप केला नाही, भेदभाव हा शब्दही काढला नाही. तो शब्द निघाला की माणसं बचावाला उभी राहतात आणि चर्चा तिथेच संपते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली: ‘या शेऱ्यामागची घटना सांगा. कधी, काय झालं?’ दुसरी: ‘हाच प्रश्न आपण बाकीच्यांबद्दल विचारला का?’

पहिल्या प्रश्नाने काय झालं पाहा. ‘नव्या सिस्टिमशी जुळवून घेणं अवघड’ यामागे घटना सापडेना. उलट कुणीतरी आठवण करून दिली की कंपनीने नवी संगणक प्रणाली आणली तेव्हा विभागातून ‘की यूजर’ म्हणून याच गृहस्थांना पाठवलं होतं आणि बाकीच्यांना त्यांनीच शिकवलं. शेरा वयावरून आला होता, माणसावरून नव्हे. ‘कम्युनिकेशन कमी पडतं’ यामागे घटना सापडली: दीड वर्षापूर्वी परदेशी ग्राहकांच्या भेटीत ते इंग्रजीत अडखळले होते. ठीक. मग पुढचा प्रश्न आला: या जागेवर परदेशी ग्राहकाशी किती वेळा बोलावं लागतं? वर्षातून दोन-तीनदा. आणि पुरवठादारांशी? रोज. पुरवठादार होते भोसरीचे, रांजणगावचे, संभाजीनगरचे. तिथे मराठी आणि हिंदी चालते आणि या गृहस्थांची तिथे सगळ्यांशी चांगली ओळख होती. म्हणजे कम्युनिकेशन म्हणून जे मोजलं गेलं ते कामाला लागणारं बोलणं नव्हतं, कॉन्फरन्स रूममधलं बोलणं होतं.

हा ‘कम्युनिकेशन’ शब्द जरा जपून वापरा. मराठी माध्यम, जिल्ह्याचं गाव, डिप्लोमा, घरात पहिल्यांदाच कुणीतरी नोकरीला लागलेलं, या सगळ्यांना एकाच पिशवीत घालायला तो फार सोयीचा आहे. ‘पॉलिश’, ‘प्रेझेन्स’, ‘कल्चरल फिट’ ही त्याचीच भावंडं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दिल्लीकडच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लेख लिहिला होता. जात पाहतो असं कुणीच म्हणत नव्हतं, फक्त गुणवत्ता पाहतो म्हणत होते. आणि त्याच दमात मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ विचारणं महत्त्वाचं आहे असंही सांगत होते. आडनाव न विचारता आडनावापर्यंत पोहोचायच्या वाटा आपल्याकडे बऱ्याच आहेत. बढतीच्या टेबलावर त्या पार्श्वभूमीचं नाव बदलून कम्युनिकेशन झालेलं असतं, एवढंच.

दुसरा प्रश्न तरुणापाशी जाऊन थांबला. ‘लीडरशिप मटेरियल’ला घटना होती, आणि चांगली होती: साहेब रजेवर असताना ग्राहकाचं ऑडिट त्याने एकट्याने पार पाडलं होतं. मग प्लांट हेडनी विचारलं, ‘हे ऑडिट बाकी दोघांना का दिलं नव्हतं?’ उत्तर सरळ होतं. ऑडिटची तारीख आदल्या संध्याकाळी सात वाजता कळली, तेव्हा तो जागेवर होता. बाई कंपनीची साडेपाचची बस पकडून गेल्या होत्या, आणि गृहस्थ पुरवठादाराकडे फिरतीवर. त्याने कष्ट केले हे खरं, पण संधी मिळाली ती खुर्चीवर असल्यामुळे.

घटना मागायच्या पद्धतीची मर्यादा इथे कळते. ज्यांना मोठी कामं दिली जातात त्यांच्याकडेच मोठ्या घटना असतात. बैठकीत कितीही काटेकोर राहिलात आणि वर्षभर कामं संध्याकाळी सातच्या खुर्चीवरून वाटली, तर तुमचा काटेकोरपणा तीच वाटणी पक्की करेल. म्हणून विभागप्रमुखांनी एक साधी वही ठेवावी: या वर्षी ग्राहक ऑडिट कुणाला दिलं, नवा प्रकल्प कुणाला, वरिष्ठांसमोर सादरीकरण कुणी केलं, परदेश दौरा कुणी केला, आणि देण्याआधी कुणाकुणाला विचारलं. ‘कुणाला विचारलं’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘तिला लहान मूल आहे, कशाला त्रास द्यायचा’ ही भावना चांगलीच असते, पण त्या भल्या भावनेत तिला विचारायचंच राहून जातं. प्लांट व्हिजिटला जमेल का, हे त्या बाईंना कुणीही विचारलं नव्हतं. त्या आधीपासून महिन्यातून दोनदा जात होत्या. फिरतीची बिलं अकाउंट्समध्ये पडून होती!

प्रकरणाचा शेवट काय झाला? बढती तरुणालाच मिळाली. यादी वर गेली होती आणि एका जागेच्या दोन झाल्या नाहीत. पण बाईंचं मधलं वर्ष सरासरीतून वगळलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांची शिफारस झाली. गृहस्थांना पुरवठादार विकासाची वेगळी जबाबदारी आणि वरची श्रेणी मिळाली, तीही वर्षभराने. फार मोठा विजय म्हणून मी हे सांगत नाही. दोन प्रश्नांनी किती हलतं आणि किती हलत नाही, ते सांगते.

वयाबद्दल आणखी थोडं. ‘रनवे’ हा शब्द आजकाल ऐकू येतो: या माणसाकडे अजून किती वर्षं आहेत? ५१ वर्षांच्या माणसाकडे निवृत्तीपर्यंत सात ते नऊ वर्षं असतात. त्या जागेवर सरासरी माणूस किती वर्षं टिकतो, हे एचआरला विचारा. आमच्याकडे डेप्युटी मॅनेजर तीन-चार वर्षांत एकतर वर जायचा, नाहीतर दुसऱ्या कंपनीत. ३४ वर्षांच्या माणसाचा लांबचा पल्ला बहुतेक वेळा तुमच्या फाटकाबाहेर जातो. आणि खाजगी कंपनीत वयावरून बढती नाकारली तर दाद मागायला वेगळा कायदा नाही. संविधानाची समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती थेट लागू होते. स्त्री-पुरुष भेदाबाबत १९७६ चा समान वेतन कायदा होता, त्यात १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली हे शब्द स्पष्ट घातले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली. तिच्यात भेदभावाला मनाई आहे, पण ‘बढती’ हा शब्द तसा वेगळा घातलेला नाही. ‘रोजगाराच्या अटी’ असा मोघम शब्द आहे. म्हणजे कोर्टाच्या भीतीने तुम्ही सुधाराल, अशी सोय फारशी नाही. जे करायचं ते समितीनेच करायचं आहे.

एवढं सगळं करूनही ज्यांना बढती मिळाली नाही त्यांच्यातलं कुणीतरी येऊन विचारणार, ‘माझं काय कमी पडलं?’ या प्रश्नाला आपल्या कंपन्यांत तीन उत्तरं छापून ठेवल्यासारखी असतात: बजेट नव्हतं, स्पर्धा तगडी होती, पुढच्या वर्षी नक्की बघू. यातलं तिसरं सर्वांत वाईट, कारण माणूस वर्षभर त्यावर थांबतो.

सरकारी नोकरीत याबाबत एक लढाई झाली आहे. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त नावाच्या अभियंत्याला बढती मिळाली नाही, कारण निकष ‘अति उत्तम’चा होता आणि एका वर्षाच्या गोपनीय अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. त्या काळी फक्त प्रतिकूल शेरे कळवायची पद्धत होती. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, कारण बढती अडवतो तो चांगला दिसणारा शेराही प्रतिकूलच असतो. त्यानंतर केंद्र सरकारने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायची आणि त्यावर पंधरा दिवसांत म्हणणं मांडू द्यायची पद्धत आणली. आमच्या बाईंचा तो ३ म्हणजे देव दत्त यांचा ‘चांगला’च होता.

खाजगी कंपनीवर हे बंधन नाही. पण तीन गोष्टी दाखवायला कुणी अडवलेलं नाही: निकष काय होते, त्या निकषांवर माझी नोंद काय होती, आणि त्या नोंदीमागची घटना कोणती. दुसऱ्या उमेदवाराचा फॉर्म दाखवायची गरज नाही, तो दाखवूही नये. विचारणाऱ्याने हे लेखी मागावं आणि तुम्ही ठरलेल्या मुदतीत लेखी द्यावं. आणि कृपा करून, प्रश्न विचारणाऱ्याचं पुढच्या वर्षीचं मूल्यमापन एकट्या त्याच साहेबांच्या हातात ठेवू नका. दुसऱ्या विभागातला एक जण सोबत द्या. ‘ॲटिट्यूड इश्यू’ हा शेरा बहुधा प्रश्न विचारल्यानंतरच्या वर्षी फॉर्मवर अवतरतो, हे मी पुरेशा वेळा टाइप केलेलं आहे. तारखा जुळवून पाहा.

कारणं लेखी द्या म्हटलं की आणखी एक गोष्ट होते, तीही आताच सांगून ठेवते. साहेब लोक हुशार असतात. दोन वर्षांत सगळ्या फॉर्मवर ‘स्ट्रॅटेजिक दृष्टिकोन विकसित करण्याची गरज’ असं एकच वाक्य दिसायला लागतं. तेच वाक्य चार वेगवेगळ्या माणसांच्या फॉर्मवर आलं, तर ते चारही फॉर्म परत पाठवा. खरं कारण माणसागणिक वेगळं असतं.

आणि जागेचं काम नावं येण्याआधी लिहून ठेवा. या जागेवरचा माणूस आठवड्याभरात काय करतो, कुणाशी बोलतो, कुठल्या भाषेत बोलतो, किती फिरतो, कशाने अडतं, एवढं अर्ध्या पानात. नावं पाहिल्यावर निकष ठरवले की आवडत्या उमेदवाराकडे जे आहे तेच महत्त्वाचं वाटायला लागतं. पदवीवाला आवडला की पदवी महत्त्वाची, अनुभवी आवडला की अनुभव. हे तुमचं-माझं सगळ्यांचंच होतं. अर्धं पान आधी लिहिलेलं असलं की निदान बोट ठेवायला जागा राहते.

यंदा वेळ कमी आहे, हे मला ठाऊक आहे. यातलं सगळं या वर्षी होणार नाही. मग एवढं करा: विभागप्रमुखांकडून शिफारशींची यादी घेताना पात्र असूनही शिफारस न झालेल्यांची यादीही घ्या, आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ कारण. बैठकीची पहिली वीस मिनिटं त्या दुसऱ्या यादीला द्या. त्यात रजेमुळे पडलेला ३ असेल, ‘जुळवून घेणं अवघड’ असेल, ‘वेळ देऊ शकतील का’ असेल, तर ते नाव त्याच दिवशी पहिल्या यादीत घ्या आणि बाकीच्यांबरोबर त्याचीही चर्चा करा.

आपली,
मिनिट्स लिहिणारी एक निवृत्त एचआर कर्मचारी